डिशवॉशरमध्ये काचेच्या ग्लासांचे टवके उडणे व तडे जाणे : कारण ओळखणे आणि उपाय

डिशवॉशर घरात आल्यानंतर काही महिन्यांनी पुष्कळ घरांतून एकच तक्रार ऐकू येते. स्टीलची पातेली, वाट्या, ताटे उत्तम निघतात. काचेच्या ग्लासांचे मात्र काठ खरवडल्यासारखे होतात, एखाद्याचा टवका उडालेला असतो, आणि कधी तर ग्लास उचलावा तर वरचा भाग हातात येतो व बूड रॅकमध्येच राहते. मग कोणी मशीनला दोष देते, कोणी डिटर्जंटच्या गोळीला, कोणी भांड्याला येणाऱ्या मावशींच्या हाताला. सातारा आणि सांगली या दोन्ही गावांत हे प्रकार मी पाहिले आहेत. माझा अनुभव असा आहे की पाणी गरम करण्याची यंत्रणा किंवा फवारा बिघडल्यामुळे काच फुटली, असे क्वचितच आढळते. ग्लास कसा लावला आणि त्याला कोणत्या तापमानातून कोणत्या तापमानात किती झटपट नेले, या दोनच गोष्टींत बहुतेक उत्तर सापडते. परंतु ही दोन कारणे वेगवेगळी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत, आणि कोणते कारण आपल्या घरी लागू आहे हे ठरवल्याशिवाय केलेला उपाय वाया जातो.

फुटलेला ग्लास लगेच टाकू नये

निदानासाठी सर्वांत उपयोगी पुरावा म्हणजे फुटलेली काच. ती कागदात गुंडाळून कचऱ्यात जाण्यापूर्वी खिडकीपाशी, तिरप्या उजेडात दोन मिनिटे पाहावी.

आदळून झालेली इजा एका बिंदूपासून सुरू होते. काठावर लहान, उथळ, वळसेदार खळगा दिसतो. बऱ्याचदा त्याच्या कडेला काच चिरडल्यासारखी पांढुरकी झालेली असते. आघात जोराचा असेल तर त्याच बिंदूपासून तीन-चार चिरा फाकलेल्या दिसतात. तापमानाच्या धक्क्याने गेलेल्या तड्यात असा चिरडलेला बिंदू नसतो. तो तडा गुळगुळीत, बहुधा एकटाच आणि वळणे घेत गेलेला असतो. दोन्ही तुकडे जुळवले तर मध्ये काहीही हरवलेले नसते. जाड बुडाच्या ग्लासात तो बुडाच्या वर, जेथे पातळ भिंत जाड तळाला मिळते तेथे, आडवा फिरतो आणि बूड चकतीसारखे वेगळे होते.

तिसरा प्रकार फसवणारा आहे. काठावर बारीक टवका असतो आणि त्याच टवक्यापासून एक वळणदार तडा खाली उतरलेला असतो. येथे दोन्ही कारणे एकामागून एक आलेली असतात : आधी कशावर तरी आदळून काठ दुखावला, मग काही धुण्यांनंतर गरम-गार होताना त्या दुखापतीतून तडा निघाला. असा ग्लास ज्या दिवशी फुटला त्या दिवशी मशीनमध्ये काय घडले याचा शोध घेण्यात अर्थ नसतो.

ग्लास कठीण केलेल्या, म्हणजे टेम्पर्ड काचेचा असेल तर मात्र हे वाचन चालत नाही. तो फुटला की त्याचे असंख्य बारीक तुकडे होतात आणि सुरुवात कोठून झाली हे घरी ओळखता येत नाही. त्या बाबतीत सोबत धुतलेल्या इतर ग्लासांचे काठ पाहून अंदाज करावा लागतो.

टवका इतका बारीक असतो की डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पुष्कळ जण काठावरून बोट फिरवतात. तसे करू नये. कापसाचा बोळा कोरड्या काठावरून हलकेच फिरवावा. जेथे टवका असेल तेथे कापसाचे तंतू अडकून राहतात. ही तपासणी सगळ्या ग्लासांची एकदा केली की घरात दुखावलेले ग्लास किती आहेत हे कळते आणि पुढे नवे टवके पडतात की नाही, हे मोजायला आधार मिळतो.

काच का फाटते

काच दाब पुष्कळ सोसते, ताण फार कमी सोसते. इंग्रज अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे दाखवले की काचेची प्रत्यक्षातली ताकद तिच्या रचनेवरून अपेक्षित असलेल्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी भरते, आणि त्याचे कारण पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे असतात. ताण सगळा त्या ओरखड्यांच्या टोकाशी एकवटतो. यात आणखी एक भर अशी की ताणाखाली असलेल्या काचेतील चीर ओलसरपणात अधिक सहज पुढे सरकते. म्हणजे गरम पाणी, ताण आणि जुना ओरखडा हे तिन्ही डिशवॉशरमध्ये एकत्र येतात.

आता तापमानाचे पाहू. काच उष्णता सावकाश वाहून नेते. गरम पाणी लागले की जेथे काच पातळ आहे तेथे ती लवकर तापून प्रसरण पावते, जाड भाग मात्र आतून गारच राहतो आणि प्रसरणाला अडवतो. या ओढाताणीत गार राहिलेल्या भागावर ताण येतो. बाजारात मिळणारे नेहमीचे ग्लास सोडा-लाइम काचेचे असतात. ही काच प्रयोगशाळेतल्या किंवा ओव्हनमध्ये चालणाऱ्या बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. अशा साध्या काचेच्या ग्लासाला अचानक सुमारे ४० अंशांहून अधिक फरक सोसावा लागला, तर तो धोक्याच्या पट्ट्यात आला असे समजावे. नवा, ओरखडा नसलेला ग्लास त्याहून अधिकही सोसतो. जुना, बुडाला घासलेला ग्लास त्याआधीच जातो.

यातून एक गोष्ट निघते, जी दुकानात ग्लास निवडताना बहुतेकांना उलटी वाटते. जड, जाड बुडाचा ग्लास हातात घेतला की मजबूत वाटतो, आणि आदळण्याच्या बाबतीत तो आहेही. तापमानाच्या धक्क्यात मात्र तोच आधी फुटतो, कारण जाडी जितकी जास्त आणि जितकी असमान, तितका आतला-बाहेरचा फरक मोठा राहतो. पातळ ग्लास सगळीकडून जवळजवळ एकदम तापतो. त्याचे मरण काठावर आदळण्यात असते.

गोडोलीतील एक उदाहरण

साताऱ्यात गोडोली भागातील एका तीन मजली इमारतीतल्या कुटुंबाची तक्रार अशी होती की पावसाळ्यात घेतलेले डिशवॉशर दिवाळीपर्यंत ठीक चालले, आणि थंडी पडल्यापासून ग्लास फुटू लागले. त्यांच्याकडे दोन प्रकारचे ग्लास होते : पाण्यासाठी पातळ, उंच, सरळ भिंतीचे, आणि पाहुण्यांना सरबत देण्यासाठी जाड बुडाचे, आखूड. वहिनींनी तुकडे एका डब्यात जपून ठेवले होते, हे फार बरे झाले. जाड ग्लासांपैकी बहुतेक सगळे बुडाशी आडवे, स्वच्छ तुटलेले होते. पातळ ग्लासांच्या काठांना टवके होते आणि त्यांतल्या काहींच्या बुडाच्या कडेलाही खरवडल्याच्या खुणा होत्या. तक्रार एकच असली तरी दुखणी दोन आहेत, हे तेथेच स्पष्ट झाले.

आधी जाड ग्लासांचा माग काढला. डिशवॉशर सामान्यतः गार पाणी आत घेते आणि स्वतःच्या हीटरवर ते हळूहळू तापवते. हीटर पाणी मिनिटाला एक-दोन अंशांनीच वाढवतो, त्यामुळे काचेला सवय व्हायला वेळ मिळतो आणि धुताना काच सहसा फुटत नाही. मग येथे धक्का कोठून आला? मशीनच्या मागे पाहिले तर पाण्याची नळी गच्चीवरच्या सोलरच्या लाइनला जोडलेली होती. फुकटचे गरम पाणी आहे, वीज वाचेल, हा प्लंबरने दिलेला सल्ला ऐकायला सयुक्तिक होता. मशीनच्या माहितीपुस्तिकेत आत येणाऱ्या पाण्याचे कमाल तापमान ६० अंश दिलेले होते, आणि तेवढी मर्यादा बहुतेक मशीनमध्ये असते.

स्वयंपाकघरातील सोलरचा नळ बादलीत मोकळा सोडून पाकाचा थर्मामीटर त्यात धरला. सुरुवातीला पाणी गारच आले. नंतर आकडा झपाट्याने चढला आणि ६४ अंशांवर थांबला. हे गार पाणी म्हणजे पाइपमध्ये रात्रभर साचलेले पाणी. गच्चीपासून ओट्यापर्यंत साधारण १५ मीटर अर्धा इंची पाइप होता. त्यात अडीच लिटरच्या आसपास पाणी मावते. मशीन प्रत्येक टप्प्यावर तीन ते चार लिटर पाणी घेते. म्हणजे पहिल्या, आधीच्या खळबळण्याच्या टप्प्यात मुख्यतः पाइपमधले गार पाणी आत गेले, ग्लास गारच राहिले, ते पाणी निघून गेले, आणि मुख्य धुण्यासाठी जे पाणी आले ते ६० अंशांच्या वर. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हवा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरते. खिडकीखालच्या ओट्यावर रात्रभर राहिलेला ग्लास पंधरा अंशांच्या आसपास असणार. फरक जवळजवळ पन्नास अंशांचा झाला, आणि तोही फवाऱ्याच्या जोरासह एकदम. पावसाळ्यात सोलरचे पाणी एवढे तापत नव्हते आणि ग्लासही एवढे गार नव्हते, म्हणून तेव्हा काही घडले नाही.

उपाय लहानसाच होता. ओट्याखालच्या गार पाण्याच्या लाइनवर एक टी आणि वेगळा अँगल कॉक बसवून मशीनची नळी तेथे जोडली. मशीनला पाणी तापवायला थोडी वीज अधिक लागते हे खरे, पण डिटर्जंटमधील एन्झाइमनाही गार पाण्यापासून हळूहळू तापत जाणारे पाणीच मानवते. ज्यांना सोलरचे पाणी वापरायचेच आहे त्यांनी लाइनवर गरम-गार मिसळून ठरावीक तापमान देणारा व्हॉल्व्ह बसवून ते चाळीसच्या आसपास ठेवावे; नळ हाताने अर्धवट उघडून मिश्रण साधण्याचा प्रयत्न करू नये, कारण वरच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की प्रमाण बदलते.

जोडणी बदलल्यावर बुडाशी तुटणे थांबले. एक जाड ग्लास त्यानंतरही गेला. त्याचा तुकडा पाहिला तर तडा बुडाच्या जुन्या ओरखड्यापासून निघालेला होता. असे एखाद-दुसरे नुकसान उपायानंतरही होते, आणि त्यावरून उपाय फसला असा निष्कर्ष काढू नये. आधी दुखावलेल्या ग्लासांचा साठा संपेपर्यंत काही फुटणारच.

काठाचे टवके : रॅक भरण्यातील चुका

पातळ ग्लासांची गोष्ट वेगळी होती आणि ती अधिक घरांना लागू पडते, म्हणून तिच्याकडे सावकाश पाहू.

आपल्याकडे खालच्या रॅकमध्ये कुकर, कढई, मोठे पातेले ठेवावे लागते. त्याला जागा व्हावी म्हणून वरचा रॅक बाजूच्या खटक्यांनी उचलून वरच्या पातळीवर ठेवतात. त्यामुळे खाली काही सेंटिमीटर उंची वाढते, पण तेवढीच उंची वर कमी होते. गोडोलीच्या घरी हेच झाले होते. उंच ग्लास वरच्या रॅकमध्ये उलटे उभे केले की त्यांची बुडे चमच्यांच्या वरच्या ट्रेला लागत, म्हणून ते तिरपे करून, एकमेकांवर रेलून बसवले जात. बुडाच्या कडेच्या खुणा त्या ट्रेच्या होत्या आणि काठाचे टवके शेजारच्या ग्लासाचे. शिवाय एका बाजूचा खटका वरच्या खाचेत आणि दुसऱ्या बाजूचा खालच्या खाचेत होता; रॅक किंचित कलता राहिल्याने सगळे ग्लास फवारा सुरू झाला की एका बाजूला सरकत. हा दोष नुसत्या डोळ्यांनी लक्षात येत नाही. रॅक बाहेर ओढून समोरून पाहिला की दिसतो.

त्यात वाट्यांची भर होती. ग्लासांच्या मधली जागा मोकळी दिसली की तेथे स्टीलची वाटी खोचण्याचा मोह होतो. रिकामी वाटी हलकी असते. फवाऱ्याने ती उडते, उलटते, आणि शेजारच्या काठावर टकटक आदळत राहते. दीड-दोन तासांच्या चक्रात ही टकटक किती वेळा होत असेल याची कल्पना करावी. स्टील आणि काच एकमेकांना लागू शकतील असे ठेवू नये, हा नियम मला सर्वांत फलदायी वाटला आहे.

ग्लास वरच्याच रॅकमध्ये ठेवावेत. खालचा फवारा अधिक जोराचा असतो आणि तेथे जड भांडी हलतात. बहुतेक रॅकमध्ये ग्लासाची जागा उभ्या सळ्यांच्या दोन ओळींच्या मध्ये असते; सळीवर ग्लास उलटा खोचला तर तो पक्का बसल्यासारखा वाटतो, परंतु सळी आतून घासते आणि ग्लास त्या एकाच आधारावर डुलतो. दोन ओळींच्या मध्ये ठेवला की बाहेरून दोन-तीन ठिकाणी आधार मिळतो, तो किंचित तिरपा राहतो आणि बुडावरच्या खळग्यातले पाणीही निथळते. दोन ग्लासांमध्ये एक बोट शिरेल एवढे अंतर ठेवावे. सळ्यांवरचे प्लॅस्टिकचे आवरण टोकाशी झिजून लोखंड उघडे पडले असेल तर तेथे काच दर वेळी ओरखडते. अशा टोकांवर बसवायच्या रबरी टोप्या मिळतात, त्या लावाव्यात. दांडीच्या ग्लासांसाठी रॅकच्या कडेला मुडपता येणारी पट्टी असते, ती दांडीला आधार देण्यासाठी असते. तिच्यावर कप ठेवून वरून वजन टाकले तर खालच्या ग्लासाचा काठ जातो.

अर्धवट भरलेला रॅक सुरक्षित असतो असा एक समज आहे. प्रत्यक्षात एकटा, हलका, आधाराशिवायचा ग्लास फवाऱ्याने सहज उलटतो. चारच ग्लास असतील तर ते मधोमध विखुरण्यापेक्षा कडेच्या ओळीत, जेथे बाजूचा आधार मिळतो तेथे, अंतर राखून ठेवावेत.

भरून झाल्यावर दोन तपासण्या कराव्यात. दोन्हींना मिळून अर्धे मिनिटही लागत नाही. पहिली, दोन्ही फिरते स्प्रे आर्म बोटाने एक पूर्ण फेरी फिरवून पाहावेत. वरचा आर्म वरच्या रॅकच्या खाली असतो. खालच्या कुकरची मूठ किंवा उभा ठेवलेला झारा त्याला अडतो, आणि अडलेला आर्म रॅकला हिसके देत राहतो किंवा एकाच जागी जोराची धार सोडतो. दुसरी, वरचा रॅक हलक्या हाताने थोडा मागे-पुढे करून कान द्यावा. किणकिण ऐकू आली तर कोणते दोन ग्लास एकमेकांना लागतात ते शोधून त्यांच्यात अंतर करावे. बंद मशीनमध्ये जे वाजते ते पाण्याच्या जोराखाली अधिकच वाजणार.

हा रॅक ओढण्याचा प्रकार स्वतःच एक कारण आहे. धुणे संपल्यावर पूर्ण भरलेला वरचा रॅक झटक्यात बाहेर ओढला की तो चाकांवरून धावत येतो आणि शेवटच्या अडसरावर आदळतो. सगळे ग्लास एकदम पुढे कलतात. ज्या घरात टवके फक्त पुढच्या ओळीतल्या ग्लासांना पडतात तेथे मी आधी रॅक कसा ओढला जातो ते पाहतो. दुसरे म्हणजे, वरचा रॅक आधी रिकामा केला तर खालच्या भांड्यांवर थेंब पडतात एवढेच. पण खालचे कुकर-पातेले उचलताना वरचा भरलेला रॅक अर्धा बाहेर असेल तर त्याला धक्का हमखास लागतो. ग्लास आधी काढावेत आणि रॅक आत ढकलून मग खालची भांडी काढावीत.

गोडोलीच्या घरी वरचा रॅक खालच्या पातळीवर आणला, दोन्ही खटके एकाच खाचेत बसवले, आणि मोठा कुकर ओट्याशेजारच्या सिंकमध्ये हाताने धुवायचा असे ठरवले. वाट्या खालच्या रॅकमध्ये गेल्या. सगळ्या ग्लासांची कापसाने तपासणी करून दुखावलेले बाजूला काढले होते, त्यामुळे पुढील महिन्यांत नवा टवका पडला की तो नवा आहे हे कळत होते. तसा एकही पडला नाही.

मशीनबाहेर बसणारा धक्का

तापमानाचा धक्का मशीन संपल्यावरही बसतो, आणि तो अधिक वाईट असतो. गरम काच अचानक गार केली की पृष्ठभाग आकसू पाहतो, आतला भाग गरम असल्यामुळे प्रसरण पावलेलाच राहतो, आणि सगळा ताण नेमका पृष्ठभागावर, म्हणजे जेथे ओरखडे आहेत तेथे येतो. बहुतेक मशीनमध्ये शेवटचे खळबळणे चांगल्या गरम पाण्याने होते, कारण त्या उष्णतेवरच भांडी वाळतात. त्यामुळे दार उघडताना ग्लास साठ अंशांच्या आसपास असू शकतो. तो तसाच उचलून त्यात फ्रिजमधले पाणी किंवा बर्फ घातलेले पन्हे ओतले, अथवा ओल्या, गार कडाप्प्यावर पालथा घातला, तर तडा जाण्यास तेवढे पुरते. कार्यक्रम संपल्यावर दार बोटभर उघडून अर्धा तास थांबावे. मशीनचे दार आपोआप उघडत असेल तरीही ग्लास हाताला कोमट लागेपर्यंत वापरू नये.

चक्र चालू असताना दार उघडून विसरलेला ग्लास आत सारण्याची सवयही अशीच आहे. फ्रिजमधून नुकताच निघालेला ताकाचा ग्लास सात-आठ अंशांचा असतो आणि मशीनमधले पाणी पन्नास-साठ अंशांचे. तो ओट्यावर राहू द्यावा आणि पुढच्या वेळी धुवावा. उन्हाळ्यात सांगलीकडे दिवसभर ग्लास फ्रिजमध्ये ये-जा करत असतात, तेव्हा हा प्रकार विशेष घडतो.

कोणता कार्यक्रम, कोणती काच

कढईसाठी असलेला ७० अंशांचा इंटेन्सिव्ह कार्यक्रम लावून त्याच चक्रात ग्लासही धुणे टाळावे. त्यात तापमान जास्त आणि फवाराही जोराचा असतो. शिवाय गरम धुण्यानंतर मशीन मध्येच गार पाणी घेऊन खळबळते. थंडीत नळाचे पाणी फार गार असेल तेव्हा जाड काचेला हा उतारही जाणवतो. ग्लाससाठी ४० ते ५० अंशांचा कार्यक्रम पुरेसा असतो. दुधाचे किंवा ताकाचे ग्लास वाळू न देता आधी साध्या पाण्याने विसळले तर त्या तापमानात ते स्वच्छ निघतात.

सोनेरी काठाचे, कोरीव नक्षीचे, शिसेयुक्त क्रिस्टलचे आणि जुने, हाताने फुंकलेले ग्लास मशीनमध्ये घालू नयेत. कोरीव रेघ म्हणजे काचेच्या दृष्टीने मुद्दाम केलेला ओरखडाच असतो. बुडावर डिशवॉशर-सुरक्षित अशी खूण असलेला ग्लास मशीनमध्ये चालतो, पण ती खूण नव्या, न ओरखडलेल्या ग्लासापुरती समजावी. टवका उडालेल्या ग्लासाला ती लागू होत नाही. टवका उडालेला ग्लास घासून गुळगुळीत करून वापरण्याचा सल्ला काही जण देतात. काठ ओठांना लागणारा असल्याने आणि त्याखाली चीर शिल्लक असण्याची शक्यता असल्याने मी तो देत नाही.

फुटल्यानंतर मशीनमध्ये काय करावे

काच आतच फुटली असेल तर मशीन पुन्हा लगेच चालवू नये. प्लग काढावा, जाड हातमोजे घालावेत, दोन्ही रॅक बाहेर काढावेत. मोठे तुकडे उचलून मग तळाचा गाळणीचा भाग फिरवून काढावा. पण त्याआधी त्याच्या भोवती साचलेले पाणी स्पंजने टिपून घ्यावे, नाहीतर गाळणी उचलताच बारीक तुकडे खालच्या खळग्यात उतरतात आणि तेथून पंपात जातात. पाण्यात काच दिसत नाही, म्हणून हात घालून चाचपू नये. स्पंज दाबून फिरवला की तुकडे त्याला चिकटतात. असा स्पंज पुन्हा भांड्यांसाठी वापरू नये. खळग्याच्या कडेला पंपाचे लहान झाकण असते. ते बऱ्याच मशीनमध्ये चमच्याच्या दांड्याने उचलता येते आणि आतला पंखा बोटाऐवजी लाकडी काडीने फिरवून पाहता येतो. तो अडकत असेल किंवा मशीन सुरू केल्यावर पाणी बाहेर फेकताना करकर असा आवाज येत असेल, तर तुकडा आत आहे असे समजून मशीन बंद ठेवावे आणि दुरुस्ती करणाऱ्यास बोलवावे. स्प्रे आर्मची भोकेही पाहावीत. त्यांत अडकलेला काचेचा कण पुढच्या धुण्यात ताटावर येतो.

सगळे साफ झाले असे वाटल्यावर एक चक्र भांड्यांशिवाय, कमी वेळाचे, चालवावे आणि गाळणी पुन्हा काढून पाहावी. दुसऱ्यांदाही कण निघाले तर तेच पुन्हा करावे. तुकडे वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहून घंटागाडीवर सुक्या कचऱ्यात वेगळे द्यावेत, म्हणजे ते उचलणाऱ्याच्या हाताला लागणार नाहीत.